त्रासदायक क्लायंटचं काम ईमेलने थांबवताना: आधी हिशेब, मग मेल, मग फाइली

क्लायंटला "यापुढे काम करणार नाही" असं कळवणारा मेल बहुतेक फ्रीलान्सर भांडण झालं त्याच रात्री लिहितात. मेल गेल्यावर लक्षात येतं की शेवटच्या हप्त्याचं बिलच पाठवलेलं नाही, डोमेन आपल्याच खात्यात आहे आणि ज्या चुकीवरून क्लायंट पैसे अडवून बसलाय ती खरोखर आपलीच आहे. मग महिनाभर फोन, टोमणे आणि अडकलेली रक्कम. हे टाळायचं असेल तर क्रम पाळावा लागतो. मेल ही चौथी पायरी आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच ठेवू. पुण्यातली एक वेबसाइट डिझायनर आणि नाशिकची फर्निचर विकणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. वेबसाइटचे ठरलेले पैसे १,२०,००० रुपये: ४० टक्के ॲडव्हान्स, ३० टक्के डिझाइन मंजूर झाल्यावर, ३० टक्के साइट सुरू झाल्यावर. त्यानंतर मेंटेनन्सचे महिन्याला ६,००० रुपये, आगाऊ. साइट ऑगस्टमध्ये सुरू झाली. शेवटचा हप्ता "अजून थोडं बाकी आहे" म्हणून अडकला, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा मेंटेनन्स आला नाही, आणि करारात बदलांच्या दोन फेऱ्या असताना रात्री अकरालाही नवे बदल व्हॉट्सॲपवर येतात.

## पायरी १: लेखी जे आहे ते सगळं एका जागी आणा

आधी करार काढा आणि त्यात चार गोष्टी शोधा: काम थांबवायला किती दिवसांची नोटीस, बदलांच्या किती फेऱ्या, फाइलींची मालकी कधी जाते, आणि पैसे किती दिवसांत द्यायचे. आपल्या उदाहरणात नोटीस ३० दिवसांची आहे. ती पाळायचीच, समोरच्याने स्वतः एकही अट पाळली नसली तरी. नोटीस न देता थांबलात तर पुढचा सगळा वाद "मध्येच सोडून गेली" यावर येतो आणि तुमची थकबाकी मागे पडते.

सही केलेला करार नसेल तर कोटेशनचा मेल, त्यावर क्लायंटने दिलेला होकार, आलेला ॲडव्हान्स आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं मिळून जे ठरलं तोच तुमचा करार. व्हॉट्सॲपचं चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा. स्क्रीनशॉट चालतात, पण मागचापुढचा संदर्भ तुटतो. मूळ चॅट फोनमधून पुसू नका, पुढे कुठे दाखवायची वेळ आली तर मूळच लागतं.

तपासा: काय ठरलं, काय दिलं, काय आलं, या तीन प्रश्नांना प्रत्येकी एक तरी लेखी पुरावा तारखेसह समोर आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: हिशेब मांडा आणि वादाची ओळ काढून टाका

सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

येणं असं आहे: शेवटचा हप्ता ३६,०००. मेंटेनन्स सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोटिशीचा महिना नोव्हेंबर, म्हणजे १८,०००. होस्टिंगचं नूतनीकरण डिझायनरने स्वतःच्या कार्डवरून भरलं, ते ४,७००. शिवाय चार जादा पानं केली होती, त्याचे ८,००० तिच्या मनात आहेत. त्या पानांबद्दल चॅटमध्ये क्लायंटचं एकच वाक्य आहे: "करून टाका, बघू नंतर."

हे ८,००० बिलात घालू नका, असं माझं ठाम मत आहे. काम झालं हे खरं, पण दर ठरल्याचा पुरावा नाही. अडवून धरणाऱ्या क्लायंटला बिलात एक शंकास्पद ओळ सापडली की तो त्या ओळीवरून पूर्ण बिल थांबवतो, आणि मग ज्या रकमेवर वादच नव्हता तीही महिनोन्‌महिने अडकते. आठ हजारांचं दुःख खरं आहे. तरी बिल असं असावं की त्यातल्या प्रत्येक ओळीला क्लायंटचाच मेल किंवा करार आधार देईल.

आता कामाचे ५४,००० आणि खर्चाचे ४,७०० असे ५८,७०० राहिले. क्लायंट कंपनी आहे आणि वर्षभराची फी ५०,००० च्या वर गेली आहे, म्हणून अशा व्यावसायिक फीवर ती साधारणपणे १० टक्के टीडीएस कापेल. होस्टिंगच्या खर्चाचं बिल वेगळं करा आणि मूळ पावती जोडा, म्हणजे तो खर्च फीमध्ये मिसळून त्यावर कपात होणार नाही. ५४,००० वर ५,४०० कापले तर ४८,६०० येतील, अधिक ४,७००, म्हणजे बँकेत ५३,३०० जमा व्हायला हवेत. ही जमा होणारी रक्कम आधीच काढून ठेवा. नाहीतर पैसे आले की "हे कमी कसे?" म्हणून नवा वाद तुम्हीच सुरू कराल. जीएसटी नोंदणी असेल तर तो वेगळ्या ओळीत दाखवा, टीडीएस मूळ फीवरच कापला जातो.

उलट स्थितीही असते: ॲडव्हान्स तुमच्याकडे आणि काम अर्धवट. तेव्हा परत किती द्यायचे ते आधी ठरवा, रक्कम बाजूला काढा आणि मेलमध्ये स्वतःहून लिहा. क्लायंटला मागायला लावू नका.

## पायरी ३: बाकी काम तीन ढिगांत वेगळं करा

"थोडं बाकी आहे" या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र असतात.

पहिला ढीग तुमच्या चुकांचा. इथे मोबाइलवर चौकशीचा फॉर्म पाठवला जात नाही. हे दुरुस्त करायचंच, आणि शक्यतो मेल पाठवण्याआधी. क्लायंटच्या हातातली खरी तक्रार तेवढीच आहे.

दुसरा ढीग क्लायंटकडून येणं बाकी असलेल्या गोष्टींचा. कॅटलॉगच्या पानासाठी सोफ्यांचे फोटो अजून आलेच नाहीत. त्यांना तारीख द्या, आणि फोटो आले नाहीत तर पान कोणत्या स्वरूपात सोपवाल तेही सांगा.

तिसरा ढीग नव्या मागण्यांचा: दुसरी रंगसंगती, इंग्रजी आवृत्ती, व्हॉट्सॲपचं बटण. यांना एकच उत्तर, ही कामं या करारात नव्हती आणि यापुढे घेतली जाणार नाहीत. किंमत सांगू नका. किंमत सांगितली की काम पुन्हा सुरू होतं.

याच वेळी सोपवायच्या गोष्टींची यादी करा आणि तिच्यात एक रेघ ओढा. जे क्लायंटचं आहे ते पैशांसाठी अडवायचं नाही: डोमेन, त्यांनी दिलेले फोटो, त्यांच्या नावाची गूगल आणि इन्स्टाग्राम खाती, चौकशी फॉर्मवर आलेली ग्राहकांची नावं. जे तुमचं काम आहे आणि ज्याचे पैसे बाकी आहेत, ते पैसे आल्यावर द्यायचं: संपादन करता येतील अशा मूळ डिझाइन फाइली आणि हक्क हस्तांतरणाचं पत्र. करारात यापेक्षा वेगळं लिहिलं असेल तर करार पाळा.

> सावध: चालू साइट बंद करणं, पासवर्ड बदलून क्लायंटला बाहेर ठेवणं, मुखपृष्ठावर "पैसे थकले आहेत" असं लावणं, यातलं काहीही करू नका. ज्याला वापराचा अधिकार आहे त्याचाच प्रवेश अडवणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि लबाडीने केलं तर कलम ६६ खाली गुन्हा होतो. तुमचे ५८,७०० वसूल होण्याऐवजी तुम्हीच आरोपी व्हाल.

## पायरी ४: दिवस निवडा, मग मेल लिहा

फर्निचरच्या दुकानाचा दसरा-दिवाळीचा हंगाम चालू असताना सोडून जाणं बरोबर नाही, आणि तेव्हा पैसेही सुटत नाहीत. दिवाळी संपू द्या. आपल्या उदाहरणात मेल ३१ ऑक्टोबरला जातो आणि शेवटचा दिवस ३० नोव्हेंबर. मेल कामाच्या दिवशी सकाळी पाठवा. पैसे प्रत्यक्ष सोडणारे अकाउंट्सवाले असतात, त्यांना सीसीमध्ये ठेवा.

मेलमध्ये कारणं लिहू नका. "तुम्ही रात्री अपरात्री मेसेज करता" असं लिहिलं की उत्तर त्या वाक्याला येतं आणि हिशेबाला येत नाही. माफीही नको, कारण माफीवरून घासाघीस सुरू होते. हा नमुना घ्या आणि आकडे आपले घाला:

> विषय: वेबसाइट काम: ३० नोव्हेंबरला समाप्ती, अंतिम बिल व हस्तांतरण
>
> नमस्कार सर,
>
> आपल्या करारातील ३० दिवसांच्या नोटिशीनुसार मी वेबसाइट व मेंटेनन्सचं काम ३० नोव्हेंबर रोजी थांबवत आहे. हा मेल ही लेखी नोटीस समजावी.
>
> काम: मोबाइलवरील चौकशी फॉर्म दुरुस्त केला आहे, कृपया तपासावा. कॅटलॉगचे फोटो १० नोव्हेंबरपर्यंत मिळाले तर मी ते पानावर लावून देईन. न मिळाल्यास पान सध्याच्या रचनेसह सोपवेन. केलेल्या कामात चूक आढळल्यास ३० नोव्हेंबरपर्यंत या मेलवर कळवावी, ती दुरुस्त करून देईन. नवीन बदल या मुदतीत घेता येणार नाहीत.
>
> हिशेब: कामाचं अंतिम बिल रु. ५४,००० आणि होस्टिंग खर्चाचं बिल रु. ४,७०० पावतीसह जोडलं आहे. फीवर १० टक्के टीडीएस वजा जाता खात्यात रु. ५३,३०० अपेक्षित आहेत. कृपया १५ नोव्हेंबरपर्यंत जमा करावेत.
>
> हस्तांतरण: डोमेन व सर्व खात्यांचे ॲडमिन अधिकार या आठवड्यापासून आपल्या नावे करत आहे. त्यासाठी कंपनीचा एक कायमस्वरूपी ईमेल पत्ता कळवावा. मूळ डिझाइन फाइली व हक्क हस्तांतरणाचं पत्र पूर्ण रक्कम जमा झाल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत देईन.
>
> यापुढील सर्व संपर्क कृपया याच मेलवर ठेवावा.
>
> आपली,

"आजवरच्या सहकार्याबद्दल आभार" मनापासून म्हणावंसं वाटत असेल तर एक ओळ घाला. वाटत नसेल तर नको.

तपासा: मेल पाठवण्याआधी तो क्लायंटच्या अकाउंटंटच्या नजरेने वाचा. कधी, किती, कुठे, आणि दिल्यावर काय मिळणार, हे त्याला फोन न करता कळतंय का? "मला वाटतं", "खरं तर", "तुम्ही नेहमीच" असे शब्द शिल्लक असतील तर काढा.

## पायरी ५: उत्तर येईल तेव्हा

पहिलं उत्तर बहुधा फोनने येतं. फोन घ्यायला हरकत नाही, पण तिथे काही कबूल करू नका. "सर, मेलवर कळवते" एवढंच म्हणा, आणि ठेवल्यावर तासाभरात मेल लिहा: "आत्ता बोलल्याप्रमाणे आपण पैसे २० तारखेला देणार आहात, मी ते नोंदवून घेते." फोनवरचं बोलणं असं लेखी झालं नाही तर ते झालंच नाही असं धरा.

"आधी सगळ्या फाइली द्या, मग पैसे" हे उत्तर जवळजवळ ठरलेलं. वाद घालू नका. फाइली तयार आहेत हे दाखवा: पानांची वॉटरमार्क लावलेली पीडीएफ पाठवा किंवा स्क्रीन शेअर करून फोल्डर उघडून दाखवा. क्लायंटला फसवणुकीची भीती असेल तर एवढ्याने ती जाते. तरी अडला तर रक्कम दोन भागांत घ्या. अर्धी आली की अर्ध्या पानांच्या मूळ फाइली, उरलेली आली की बाकीच्या. मात्र हक्काचं पत्र शेवटच्या रुपयानंतरच.

"पाच हजार कमी करा" म्हटलं तर आधी ठरवा की तुम्हाला किती परवडतं. कमी करायचेच असतील तर तारखेशी बांधा: "१२ तारखेपर्यंत जमा झाले तर कामाचं बिल ५१,०००, नंतर मूळ रक्कम." सूट दिली तर बिल त्यानुसार बदलून पाठवा, नाहीतर टीडीएसचा आकडा जुळत नाही.

शिव्या किंवा धमकी आली तर उत्तर दुसऱ्या दिवशी, तेही फक्त कामाच्या ओळीला. बाकी मेल जपून ठेवा.

## पायरी ६: हस्तांतरण, आणि त्यात लागणारा वेळ

हे महिन्याच्या शेवटी ठेवलं तर शेवटचा दिवस चुकतो, कारण काही गोष्टींना तांत्रिक मुदत असते. डोमेन तुमच्या खात्यात असेल तर दुसऱ्या डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे हलवण्याआधी बघा की ते त्याच कंपनीतल्या क्लायंटच्या खात्यात ढकलता येतं का. हे सहसा लवकर होतं. दुसरीकडे न्यायचं असेल तर हलवण्यावरचं कुलूप काढून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवण्याचा गुप्त कोड, द्यावा लागतो आणि काही दिवस जातात. डॉट कॉम डोमेन नवं घेतल्यावर साधारण ६० दिवस हलवता येत नाही, आणि मालकाचं नाव बदललं तरी काही ठिकाणी तेवढंच कुलूप पुन्हा बसतं. म्हणून आधी डोमेन हलवा, नाव नंतर बदला.

गूगल मॅप्सवरच्या दुकानाच्या प्रोफाइलला नवा मालक जोडल्यावर सात दिवस थांबल्याशिवाय त्याला मुख्य मालकी देता येत नाही. त्यामुळे क्लायंटचा पत्ता मिळाला की पहिल्याच दिवशी त्याला जोडा. इन्स्टाग्रामच्या दोन टप्प्यांच्या सुरक्षेत तुमचा मोबाइल नंबर असेल तर आधी त्यांचा घाला, मग तुमचा काढा. उलटं केलंत तर दोघंही बाहेर राहाल.

पासवर्ड मेलमध्ये लिहू नका. शक्य तिथे ॲडमिन म्हणून जोडा. जिथे पासवर्डच द्यावा लागतो तिथे फोनवर सांगा आणि लगेच बदलायला लावा.

प्रत्येक गोष्ट गेली की त्याच मेलच्या साखळीत एक ओळ लिहा: "डोमेन आज आपल्या खात्यात जमा झालं, कृपया उघडून पाहावं." या तारखांना कायद्यातही अर्थ आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची सरकारी उद्यम नोंदणी असेल तर सोपवल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, की सोपवल्याच्या दिवशीच काम स्वीकारलं गेलं असं एमएसएमई विकास कायदा २००६ मानतो.

## पायरी ७: पैसे आले, मगच शेवटचं पत्र

"पेमेंट केलं" चा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेत ५३,३०० दिसले पाहिजेत. चेक असेल तर तो वटू द्या.

मग मूळ फाइली आणि हक्क हस्तांतरणाचं पत्र द्या. हे पत्र अनेकजण विसरतात. फ्रीलान्सरने केलेल्या डिझाइनचा कॉपीराइट साधारणपणे त्याच्याकडेच राहतो, आणि कॉपीराइट कायदा १९५७ नुसार तो द्यायला लेखी आणि सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असा अर्थ धरला जातो. कोणती कामं, किती काळासाठी, कुठे वापरण्यासाठी आणि किती रकमेच्या बदल्यात, हे स्पष्ट लिहा. विकत घेतलेले फॉन्ट आणि स्टॉक फोटो यात येत नाहीत, त्यांचे परवाने कोणाच्या नावावर आहेत ते वेगळं सांगा.

शेवटचा मेल चार ओळींचा: मिळालेली रक्कम आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, सोपवलेल्या गोष्टींची यादी, "दोन्ही बाजूंनी काही येणं-देणं उरलेलं नाही, सहमत असल्यास 'मान्य' असं कळवावं", आणि टीडीएस भरल्यावर प्रमाणपत्र पाठवण्याची विनंती. कापलेले ५,४०० तुमच्या पॅनवर जमा झाले का, हे पुढच्या तिमाहीत आयकर पोर्टलवर बघा. तिथे दिसले नाहीत तर हिशेब मिटलेला नाही.

आता स्वतःचा प्रवेश सगळीकडून काढा. पुढे साइटवर काही बिघडलं तर संशय तुमच्यावर यायला जागा राहत नाही.

## पायरी ८: १५ तारीख उलटली आणि पैसे नाहीत

१६ तारखेला एक स्मरणपत्र, २३ ला दुसरं. दोन्ही त्याच साखळीत, बिल पुन्हा जोडून. दुसऱ्यात फक्त एक वाक्य वाढवा: उद्यम नोंदणी क्रमांक, आणि एमएसएमई विकास कायद्यानुसार ठरलेल्या मुदतीच्या, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांच्या, पुढे बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं ही आठवण. कंपनीच्या सीएला याचं गांभीर्य वेगळ्या कारणाने कळतं: नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्यांना त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत. मेल सीएपर्यंत पोचला की पुष्कळदा इथेच पैसे सुटतात.

नाही सुटले तर एमएसएमई सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. बिल, काम सोपवल्याच्या तारखा आणि स्मरणपत्रं तिथे जोडावी लागतात, आणि ती तुमच्या एका मेलच्या साखळीत आधीच आहेत. उद्यम नोंदणी मात्र काम घेण्याआधीची हवी. काम झाल्यावर केलेल्या नोंदणीवर जुन्या बिलाचा दावा टिकेल असं धरू नका. नोंदणी नसेल तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हा मार्ग उरतो, त्याला रक्कम देय झाल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत असते. ५८,७०० साठी तो खर्च परवडेल का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.